व्यस्त मुळांचं समीकरण: सहगुणक उलटे करताना गळणारं शून्य

प्रश्न: मी अकरावीला आहे. टेस्टमध्ये असं होतं: x³ − 7x + 6 = 0 ची मुळं α, β, γ आहेत, तर 1/α, 1/β, 1/γ ही मुळं असलेलं समीकरण काढा. क्लासमध्ये "सहगुणक उलटे लिहा" एवढंच सांगितलं होतं, म्हणून मी 6x³ − 7x + 1 = 0 लिहिलं. x = 1 घालून पडताळाही घेतला, शून्य येतंय. पण उत्तरसूचीत 6x³ − 7x² + 1 = 0 दिलंय. छपाईची चूक आहे की माझी? आणि समीकरणात शेवटी नुसता आकडा नसेलच, तर उलटं कसं करायचं?

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे. तुझ्याकडून दोन गोष्टी झाल्या आहेत. उलटं करताना एक शून्य गळलं, ही पहिली. पडताळ्यासाठी तू नेमका असा आकडा घेतलास की ज्याला ही चूक कधीच दिसत नाही, ही दुसरी. मी दादरला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. पेपर तपासताना या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालूनच आलेल्या दिसतात. मला त्यातली दुसरी जास्त गंभीर वाटते, कारण पडताळा घेतल्यावर मुलगा निर्धास्त होतो आणि त्या गणिताकडे परत वळून बघत नाही.

आधी शून्याचं बघू. नववीत बहुपदीचं "सहगुणक रूप" शिकवतात, ते आठव. x³ − 7x + 6 चं सहगुणक रूप (1, −7, 6) नाही, ते (1, 0, −7, 6) आहे. x² चं पद दिसत नाही, कारण त्याचा सहगुणक 0 आहे. त्याची जागा मात्र आहे. घनबहुपदीला चार जागा असतात आणि उलटायच्या त्या चारही. म्हणजे (6, −7, 0, 1), म्हणजेच 6x³ − 7x² + 0x + 1. झालं उत्तरसूचीतलं उत्तर.

चर्चगेटला लोकल वळत नाही, तशीच उलट दिशेने निघते आणि शेवटचा डबा पहिला होतो. त्यातला एखादा डबा रिकामा असला म्हणून कोणी तो काढून ठेवत नाही, नाहीतर मागच्या प्रत्येक डब्याची जागा बदलेल. तू तो रिकामा डबाच काढून ठेवलास, म्हणून −7 चुकीच्या जागी थांबला.

पण "जागा असते" हे मी सांगतो म्हणून मानू नकोस. हे उलटणं येतं कुठून ते एकदा हाताने करून बघ, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. नव्या समीकरणाचं मूळ y म्हणू. y = 1/x, म्हणून x = 1/y. दिलेल्या समीकरणात x च्या जागी 1/y ठेव:

1/y³ − 7/y + 6 = 0

आता छेद घालवायला दोन्ही बाजूंना y³ ने गुण. पहिल्या पदात y³ पूर्ण छाटला जातो आणि 1 उरतो. दुसऱ्या पदात y³ मधला एकच y छाटला जातो, म्हणून −7y² उरतं. तिसऱ्यात काहीच छाटलं जात नाही, 6y³ राहतं.

1 − 7y² + 6y³ = 0

दुसऱ्या पदाकडे नीट बघ. मूळ समीकरणात −7 हा x बरोबर होता, म्हणजे घात 1. नव्यात तो y² बरोबर गेला, कारण 3 − 1 = 2. सगळा नियम इतकाच आहे: कोटी n असेल, तर घात k असलेल्या पदाचा सहगुणक घात n − k कडे जातो. "सहगुणक उलटे लिहा" हे त्याचं तोंडी, आखूड रूप. सगळी पदं हजर असतात तेव्हा ते बिनचूक चालतं. एखादं पद गैरहजर असलं की डोळ्यांना दिसणारे आकडे उलटे करणं आणि घात n − k करणं या दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि खरी असते ती दुसरी. तू 7x चं 7x च ठेवलंस. घनसमीकरणात घात 1 चं पद घात 1 वर राहूच शकत नाही.

मी वर्गात म्हणून एक सवय लावतो. उलटं करायच्या आधी समीकरण पूर्ण लिहून काढायचं, x³ + 0x² − 7x + 6 असं, 0x² सकट. वहीत एक ओळ जास्त जाते, पण संश्लेषक भागाकार करताना आपण हेच करतो. तिथे शून्य गाळलं तर भागाकार लगेच बिघडतो, म्हणून तिथे मुलं शून्य विसरत नाहीत. इथे बिघाड दिसत नाही, म्हणून विसरतात.

आता पडताळ्याकडे येऊ. तू x = 1 घातलंस आणि 6 − 7 + 1 = 0 आलं. हे यायलाच हवं होतं, आणि तुझं उत्तर कितीही चुकलेलं असतं तरी आलंच असतं. x = 1 घातलं की सगळे घात 1 होतात आणि उरते फक्त सहगुणकांची बेरीज. 1, −7, 6 कुठल्याही क्रमाने, कुठल्याही घातांना चिकटवून लिही, बेरीज शून्यच. म्हणजे x = 1 हा पडताळा "आकडे तेच आहेत का" एवढंच तपासतो. "आकडे बरोबर जागी आहेत का" हे त्याला कळत नाही, आणि इथे चूक फक्त जागेचीच होऊ शकते. भरीला 1 हे खरोखरच दिलेल्या समीकरणाचं मूळ आहे आणि 1 चा व्यस्त 1 च असतो, त्यामुळे तुझी खात्री आणखी पक्की झाली.

दुसरं मूळ घेऊन बघ. दिलेल्या समीकरणाची मुळं 1, 2 आणि −3 आहेत. तेव्हा नव्यात 1/2 चालायला हवं. तुझ्या समीकरणात x = 1/2 घातलं तर 6/8 − 7/2 + 1 = −7/4 येतं, शून्य नाही. उत्तरसूचीच्या समीकरणात 6/8 − 7/4 + 1 = 0 येतं. −1/3 चंही तसंच: 6x³ − 7x² + 1 मध्ये −2/9 − 7/9 + 1 = 0. तुझ्या समीकरणाचे अवयव पाडले तर (x − 1)(6x² + 6x − 1) मिळतात. म्हणजे 1 सोडून त्याची बाकीची दोन मुळं (−3 ± √15)/6 आहेत, ज्यांचा 2 आणि −3 यांच्याशी काही संबंध नाही.

तू विचारशील, मुळं माहीतच नसतील तर काय घालून बघायचं? बऱ्याच गणितांत मुळं सहज निघत नाहीत, म्हणून तर हा प्रकार विचारतात. त्यासाठी मुळांची गरज नसलेला पडताळा आहे. दिलेली बहुपदी p(x) आणि उलटी q(x) असेल, तर वर आपण जे केलं त्यावरूनच tⁿ × q(1/t) = p(t) हे शून्य सोडून कुठल्याही t साठी खरं असतं, t मूळ असो वा नसो. मी t = 10 घेतो, कारण आकडेमोड तोंडी होते. p(10) = 1000 − 70 + 6 = 936. उत्तरसूचीच्या बहुपदीसाठी 1000 × q(1/10) = 6 − 70 + 1000 = 936. जुळलं. तुझ्या बहुपदीसाठी 1000 × (0.006 − 0.7 + 1) = 306. नाही जुळलं, चूक सापडली.

x = −1 वर विसंबू नकोस. तुझ्या या गणितात ते चूक पकडतं, पण नेहमी पकडेलच असं नाही. 2x⁴ − 3x + 5 घे. कोणी शून्यं विसरून 5x⁴ − 3x + 2 लिहिलं, तर x = 1 ला दोन्हींची किंमत 4 येते आणि x = −1 ला दोन्हींची 10. दोन्ही पडताळे पास, उत्तर मात्र चूक. बरोबर उत्तर (2, 0, 0, −3, 5) उलटून (5, −3, 0, 0, 2), म्हणजे 5x⁴ − 3x³ + 2 = 0. इथे −3 घात 1 वरून घात 3 वर जायला हवा होता. 1 आणि 3 दोन्ही विषम, म्हणून −1 ला फरक कळत नाही. पर्यायी प्रश्नांत हे जास्त जपायला हवं. पर्याय बनवणारा "शून्य विसरलेलं" उत्तर एका पर्यायात हमखास ठेवतो, आणि तो पर्याय x = 1 ने बाद होत नाही.

आणखी एक पडताळा आहे, तो मला स्वतःला सर्वात आवडतो, कारण तो करता करता या उलटण्याचा उपयोगही कळतो. मुळांच्या व्यस्तांची बेरीज काढ. सरळ रस्त्याने 1/α + 1/β + 1/γ = (αβ + βγ + γα)/αβγ. दिलेल्या समीकरणावरून वरची बेरीज −7 आणि खालचा गुणाकार −6, म्हणून उत्तर 7/6. आता उलट्या समीकरणात 6x³ − 7x² + 0x + 1 बघ: मुळांची बेरीज −(−7)/6 = 7/6. तेच. तुझ्या समीकरणात x² चं पदच नाही, म्हणजे त्याच्या मुळांची बेरीज 0. एवढ्यानेच कळलं असतं की ते चुकलंय.

याच्या पुढचा प्रश्न बहुधा 1/α² + 1/β² + 1/γ² काढा असा येतो. अपूर्णांकांची बेरीज करत बसलास तर पान भरेल. उलटं समीकरण हातात असेल तर बेरजेचा वर्ग उणे दोनदा जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज, बस. बेरीज 7/6 आहे आणि जोड्यांची बेरीज 0/6, म्हणजे 0. उत्तर 49/36. आपल्याला मुळं माहीत आहेत म्हणून ताडून बघ: 1 + 1/4 + 1/9 = 49/36. जोड्यांची बेरीज शून्य निघाली ती त्या गळलेल्या शून्यामुळेच. ते शून्य इथे खरोखर काम करतंय.

आता तुझा दुसरा प्रश्न. शेवटी नुसता आकडा नसणं म्हणजे स्थिर पद 0 असणं, आणि स्थिर पद 0 असणं म्हणजे x = 0 हे एक मूळ असणं. 0 ला व्यस्त नाही. तेव्हा इथे काय करायचं हे प्रश्न नेमका कसा विचारलाय त्यावर अवलंबून आहे. x³ − 5x² + 6x = 0 दिलं आणि "1/α, 1/β, 1/γ ही मुळं असलेलं घनसमीकरण काढा" म्हटलं, तर असं समीकरण अस्तित्वातच नाही आणि कारणासकट तसं लिहायचं. "शून्येतर मुळांचे व्यस्त" असं म्हटलं असेल, तर मात्र उत्तर आहे आणि उलटण्यातूनच ते मिळतं. (1, −5, 6, 0) उलटलं की (0, 6, −5, 1). पुढचं शून्य आपोआप निरर्थक होतं आणि 6x² − 5x + 1 = 0 उरतं. त्याची मुळं 1/2 आणि 1/3. दिलेल्या समीकरणाची मुळं होती 0, 2, 3. कोटी एकने कमी झाली, आणि जे मूळ गेलं ते बरोबर शून्यच.

म्हणून उलटल्यावर कोटी कमी झाली तर गोंधळू नकोस, ती खूण आहे. स्थिर पद शून्य नाही पण अगदी लहान असेल तर काय होतं तेही बघ, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. x³ − 5x² + 6x + 0.006 = 0 घे. याचं एक मूळ −0.001 च्या अगदी जवळ आहे. उलटं समीकरण 0.006y³ + 6y² − 5y + 1 = 0, आणि त्याचं एक मूळ −1000 च्या आसपास जातं. 0.006 आणखी लहान करत गेलास तर दिलेल्या समीकरणाचं मूळ शून्याकडे सरकतं आणि उलट्याचं मूळ लांब लांब पळतं. 0.006 चा 0 झाला की ते मूळ उरतच नाही आणि घनसमीकरणाचं वर्गसमीकरण होतं.

याच कारणाने उलटं परत उलटं करताना जपायला हवं. स्थिर पद शून्य नसेल तर दोनदा उलटल्यावर पहिलं समीकरण परत मिळतं. पण 6x² − 5x + 1 परत उलटलंस तर x² − 5x + 6 मिळेल, x³ − 5x² + 6x नाही. शून्य मूळ एकदा गेलं की परत येत नाही.

शेवटचा मुद्दा परीक्षेसाठी, कारण हाच प्रश्न थोडा फिरवून विचारतात: मुळं 1/(α + 1), 1/(β + 1), 1/(γ + 1) हवीत. इथे उलटायचं आहेच, पण केव्हा? आतून बाहेर जा. α ला आधी 1 मिळवलाय आणि मग व्यस्त घेतलाय, म्हणून समीकरणातही आधी मुळं 1 ने वाढवायची आणि नंतर उलटायचं. y = x + 1, म्हणून x = y − 1. आपल्याच समीकरणात ठेवलं तर

(y − 1)³ − 7(y − 1) + 6 = y³ − 3y² − 4y + 12

याची मुळं 2, 3, −2. आता उलट: 12z³ − 4z² − 3z + 1 = 0, मुळं 1/2, 1/3, −1/2. हेच हवं होतं. क्रम बदलून आधी उलटलंस आणि मग 1 मिळवलास, तर 6z³ − 25z² + 32z − 12 = 0 मिळतं. ते 1/α + 1 या मुळांचं समीकरण आहे: 2, 3/2, 2/3. गणित त्यातही कुठे चुकलेलं नाही, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि (α + 1) ऐवजी (α − 1) विचारलं तर? y = x − 1 ठेवून बघ, y³ + 3y² − 4y येतं. स्थिर पद गेलं. दिलेल्या समीकरणाचं एक मूळ 1 होतं, ते सरकून 0 वर आलं आणि 1/(1 − 1) ला अर्थ नाही. मुळं आधी माहीत नसतानाही हे लक्षात येतं, म्हणून सरकवल्यावर आणि उलटण्याच्या आधी स्थिर पदाकडे एकदा बघायचंच. ते शून्य असेल तर तिथेच थांब आणि प्रश्नात "शून्येतर" हा शब्द आहे का ते परत वाच.

तुला करायला एक देतो: x⁴ − 2x³ + 8x − 3 = 0 च्या मुळांच्या व्यस्तांच्या वर्गांची बेरीज. सहगुणक रूप आधी लिही, पाच जागा आहेत. 64/9 आलं तर शून्य जागेवर आहे. 52/9 आलं तर x² ची जागा परत गळली आहे.